तीनच

बारावीला झीरो ऑर्डर रिॲक्शन शिकवायला घेतली की मुलं अडतात. पदार्थ जास्त असला की अभिक्रियाही जोरात होणार, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे मात्र पदार्थ कितीही ओता, वेग तोच. पुस्तकात उदाहरण अमोनियाचं आहे. तापलेल्या प्लॅटिनमवर, भरपूर दाबाखाली अमोनियाचं विघटन होतं, तेव्हा प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरच्या सगळ्या जागा अडलेल्या असतात आणि उरलेला अमोनिया नंबर लागेपर्यंत ताटकळतो. वर्ग मख्ख. मग मी ठेवणीतलं उदाहरण काढतो. म्हणतो, यकृत आणि दारूचं तसंच आहे. वर्ग जागा होतो. मागच्या बाकावरून एक आवाज हमखास येतो, "सर, तुम्हाला कसं माहीत?" हशा पिकतो. मीही हसतो आणि फळ्यावर खाली उतरणारी सरळ रेघ ओढतो. तासाला पंधरा, तासाला पंधरा, तासाला पंधरा.

ही रेघ मी वीसेक वर्षं ओढतो आहे. स्वतःसाठी ती एकदाच ओढली, तीही अपघात होऊन चार वर्षं उलटल्यावर, आणि तेव्हाही मला हवं ते उत्तर येईल असे आकडे घालून.

झालं ते एवढंच. डिसेंबरचा महिना होता. वाईच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर आम्ही तीन कुटुंबं मुक्कामी गेलो होतो. सकाळी मुलीचं गॅदरिंग होतं, मेकअपसाठी सातपर्यंत साताऱ्याला पोहोचायचं होतं. मित्र म्हणाला होता की रात्रीच निघा. मी ठासून सांगितलं, "प्यायल्यावर मी स्टिअरिंगला हात लावत नाही." हे मी कुठेही सांगतो. त्याचा मला अभिमान होता. आहे, असं आता लिहवत नाही.

सकाळी साडेपाचला निघालो. त्याआधी थंड पाण्याने अंघोळ केली आणि दोन कप कोरी कॉफी घेतली. डोकं किंचित जड होतं, पण ते जागरणामुळे. बायकोने गाडीत बसताना विचारलं, "बरं वाटतंय ना? रात्री किती झाली?" मी म्हणालो, "तीनच."

सव्वासहाच्या सुमाराला अंधार पुरता सरला नव्हता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांत गेले. ट्रक गेला, मी बाहेर काढली, आणि उजवीकडच्या पाणंदीतून मोटरसायकलवर एक दूधवाला रस्त्यावर आला. दोन्ही बाजूंना किटल्या. माझा आरसा त्याच्या किटलीला लागला. तो आडवा झाला. एका किटलीचं झाकण उडालं आणि दूध डांबरावर पसरत कडेच्या मातीत जिरायला लागलं. त्याचं कोपर सोललं होतं, गुडघ्याला मार होता. मी उतरायच्या आत तो उठून उभा राहिला, मोटरसायकल उचलायला लागला आणि म्हणाला, "साहेब, माझंच चुकलं. लाईट गेलाय परवापासून."

मी त्याला दोन हजार रुपये दिले. तो नको म्हणत होता. मी आग्रहाने दिले. गॅदरिंगला आम्ही वेळेत पोहोचलो.

पुढची चार वर्षं ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली, तिथे ती विनादिव्याच्या मोटरसायकलींची गोष्ट होती. शेवटी त्याचा प्रामाणिकपणा आणि माझे दोन हजार. ऐकणारे मान डोलवायचे.

मग एके दिवशी फोनने आपण होऊन एक जुना फोटो वर आणला. त्या रात्रीचं टेबल. शेंगदाणे, सुक्क्या चिकनची हाडं, तीन ग्लास आणि बाटली. वेळ १२ वाजून ४० मिनिटं. बाटलीत लेबलच्या खालच्या कडेइतकी व्हिस्की उरलेली. बराच वेळ मी त्या पातळीकडे बघत राहिलो. अंदाज करायची सवय हातात असते, रोज ब्युरेट वाचणाऱ्या माणसाच्या. तीन पेगांचा हिशेब त्या पातळीत बसत नव्हता.

मी तसल्याच घाटाची रिकामी बाटली मिळवली. लेबलच्या खालच्या कडेपर्यंत पाणी भरलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेझरिंग सिलिंडरमध्ये ओतलं. ९० मिलिलीटर. बाटली ७५० ची. म्हणजे ६६० मिलिलीटर त्या रात्री तिघांच्या पोटात गेली. तिघांपैकी एकाने मापाने दोन लार्ज घेतल्या आणि तो झोपायला गेला, हे आम्हा सगळ्यांना पक्कं आठवतं, कारण त्यावरून त्याची रात्रभर थट्टा झाली होती. त्याच्या १२० वजा केल्या की ५४० उरतात, त्या आम्हा दोघांच्या. दुसऱ्याला मी फोन लावला. चार वर्षांपूर्वीचं असं विचारणं विचित्रच, पण विचारलं. तो म्हणाला, "तुझ्याएवढ्याच की. बरोबरीनेच चाललं होतं आपलं."

प्रत्येकी २७०. म्हणजे साडेचार लार्ज. "तीन" कुठून आले तेही लक्षात आलं. पहिले तीन मापाने भरले होते. नंतर माप कुठेतरी गेलं आणि बाटली हाताने वाकडी व्हायला लागली. हाताने ओतलेल्याला मी पेग धरलंच नव्हतं. ती फक्त "थोडी घातली" होती.

आता फळ्यावरची रेघ. हा हिशेब स्वीडनमधल्या लुंड इथल्या एरिक विडमार्क नावाच्या शास्त्रज्ञाचा. १९३२ साली त्याने तो पुस्तकात मांडला आणि न्यायालयांतून आजही तोच थोड्याफार फरकाने वापरला जातो. कल्पना साधी आहे. दारू पाण्यात मिसळते, चरबीत जवळजवळ नाही. म्हणून प्यायलेलं अल्कोहोल शरीरभर जिथे पाणी आहे तिथे पसरतं. पुरुषाच्या बाबतीत त्याच्या वजनाच्या साधारण ६८ टक्के भागात, बाईच्या बाबतीत ५५ टक्के भागात. तेवढ्याच वजनाच्या बाईला तेवढीच दारू जास्त चढते, त्यामागे मुख्य कारण हेच.

माझं वजन ७० किलो. त्याचे ६८ टक्के म्हणजे ४७.६ किलो. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, ते आकारमानाने. म्हणजे २७० मिलिलीटरमध्ये साडेपंधरा वर शंभर, म्हणजे ११५.५ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे वजन भरतं ९१ ग्रॅम. ९१ ग्रॅम ४७.६ किलोत पसरले की १०० मिलिलीटर रक्तामागे साधारण १९० मिलिग्रॅम होतात. हा आकडा कधीच प्रत्यक्षात गाठला जात नाही, कारण पहिला घोट घेतल्यापासून यकृत कामाला लागलेलं असतं. पण हिशेबाला सुरुवात तिथून करायची आणि पहिल्या घोटापासून तासाला पंधरा वजा करत जायचं.

पहिला घोट साडेआठचा. सव्वासहापर्यंत पावणेदहा तास. म्हणजे १४६ गेले. उरले ४४.

कायद्याची मर्यादा ३०. मोटार वाहन कायदा, कलम १८५.

आता माझ्या तोंडी असलेले "तीनच" घालून बघा. १८० मिलिलीटर, ६१ ग्रॅम, सुरुवात १२८ पासून. तासाला पंधराने साडेआठ तासांत शून्य. पहाटे पाचला शून्य, आणि मी निघालो साडेपाचला. किती नेमकं बसतं. बायकोला "तीनच" सांगताना हा हिशेब मी केला नव्हता, पण खोटं बोलणारं मन कधीकधी गणितात हुशार असतं.

यकृताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अंघोळ आणि कॉफी यांचा प्रश्न तिथेच सुटतो. यकृताच्या पेशीत अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एक विकर असतं. ते अल्कोहोलचे दोन हायड्रोजन काढून घेतं आणि ॲसिटाल्डिहाइड बनवतं, जे दारूपेक्षा जास्त विषारी आहे. लगेच दुसरं विकर त्याचं ॲसिटेट करतं. ॲसिटेट म्हणजे घरातल्या व्हिनेगरचाच भाऊबंद. ते रक्तातून बाहेर पडतं आणि इतर अवयव ते जाळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. पहिल्या विकराची भूक फार लहान आहे. रक्तात थोडंसं अल्कोहोल आलं की त्याच्या सगळ्या जागा भरतात. त्यापुढे ५० असो, १५० असो, त्याचा वेग तोच. शिवाय काढलेला हायड्रोजन ठेवायला एनएडी नावाचा वाहक लागतो, दोन्ही पायऱ्यांवर. तो भरून गेला की रिकामा होऊन परत येईपर्यंत थांबावं लागतं. तापलेल्या प्लॅटिनमवरचा अमोनिया तो हाच. शेवटी, रक्तातलं प्रमाण वीसच्या आसपास उतरलं की जागा रिकाम्या पडू लागतात, वेग मंदावतो आणि फळ्यावरची सरळ रेघ तळाशी वाकते. ती शेपूट मी मुलांना कधी काढून दाखवत नाही, परीक्षेला येत नाही म्हणून.

थंड पाणी यकृतापर्यंत पोहोचत नाही. कॉफी मेंदूला जागं करते, पण विकराला एकही जास्तीची जागा देत नाही. श्वास, घाम आणि लघवी यांतून जाणारा वाटा दहा टक्क्यांच्या आतला. तासांना पर्याय नाही. हे सगळं मला त्या सकाळी माहीत होतं. मुलांना विचारा, शब्दशः लिहून देतील.

इथवर आल्यावर मी काय केलं, ते सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे. मी ४४ या आकड्याकडे बघितलं आणि पहिला विचार आला की पंधरा ही सरासरी आहे. काही लोकांत तासाला दहाच जातात, काहींत वीस, पंचवीससुद्धा. मग माझे वीस का नसतील? वीसने लावलं. १९० भागिले २० म्हणजे साडेनऊ तास. सहा वाजता शून्य. अपघात सव्वासहाचा. पंधरा मिनिटांनी मी निर्दोष.

त्या रात्री मी खरंच शांत झोपलो. दुसऱ्या दिवशी दाढी करताना लक्षात आलं की वीसचा वेग फुकट मिळत नाही. जो माणूस रोज, भरपूर पितो त्याच्या यकृतात आणखी एक यंत्रणा जोर धरते. सायटोक्रोम कुटुंबातलं एक विकर असतं, ते दारूच्या सरावाने वाढतं आणि पहिल्याच्या जोडीला उभं राहतं. म्हणून वीस-पंचवीसचे आकडे जास्त करून पट्टीच्या पिणाऱ्यांत सापडतात. एखाद्या न पिणाऱ्याचा वेगही मुळात जास्त असू शकतो, नाही असं नाही, पण मला असा उदार आकडा निसर्गाने दिलाय असं मानायला कारण काय, तर मला तो सोयीचा आहे एवढंच. आणि मी सगळीकडे काय सांगतो? "महिन्यातून एखाद्या वेळी, कुणी आलं तर." हे खरं असेल, तर माझा वेग पंधरा आणि रक्तात ४४. वीस खरा असेल, तर मी महिन्यातून एखाद्या वेळी पिणारा नाही. दोन्ही बाजूंनी सुटायचं जमत नव्हतं. त्या दाढीपर्यंत ही गोष्ट मला दिसली नव्हती.

मग मी जेवणाची सवलत मागितली. पोटात अन्न असलं की दारू जठरातून लहान आतड्यात हळूहळू उतरते, तिचा थोडा भाग वाटेतच जिरतो आणि रक्तातला शिखराचा आकडा कमी येतो. हे खरं आहे. पण आपल्याकडे जेवण केव्हा असतं? शेवटी. तोवर चार शेंगदाणे आणि दोन तुकडे. "पान वाढलंय" अशी तिसरी हाक आली तेव्हा आमची बाटली लेबलच्या खालच्या कडेला आली होती. भाकरी पोटात गेली ती सव्वाबाराला. तरीही सवलत म्हणून दहा टक्के सोडून बघितले. उत्तर २५ आलं. तीसच्या आत! पुन्हा थोडा वेळ बरं वाटलं. पण मग रक्ताची घनता मी सोडून दिली होती, ती धरली की आकडा पाचेक टक्क्यांनी वर जातो. माझ्या बाजूचं तेवढं धरायचं आणि विरुद्ध बाजूचं विसरायचं, हा हिशेब मीच विद्यार्थ्याच्या वहीत पाहिला असता तर लाल शाईने गोल केला असता.

म्हणून खात्रीने म्हणता येईल ते एवढंच: ३० च्या आसपास, वर असण्याची शक्यता जास्त. त्या सकाळी माझ्या तोंडापुढे कुणी ब्रेथ ॲनालायझर धरला नाही. नाकाबंदी रात्रीची असते, ३१ डिसेंबरला तर चौकाचौकांत. सव्वासहाला दूधवाले असतात. कलम १८५ ला चाचणीतला आकडा लागतो आणि चाचणी झाली नाही, तेव्हा कायद्याच्या भाषेत काहीच घडलं नाही.

पण मला बरं वाटत होतं, हे खोटं नव्हतं. तेही तपासून पाहिलं. एडवर्ड मेलनबीने १९१९ साली कुत्र्यांवर प्रयोग करताना एक गोष्ट नोंदवली. दारू रक्तात चढत असताना ज्या आकड्याला झिंग दिसते, तोच आकडा उतरताना आला की प्राणी बराच सावरलेला दिसतो. माणसांतही ते दिसतं. फरक असा की उतरताना "मी ठीक आहे" ही भावना लवकर परत येते; समोर लक्ष, बाजूला लक्ष, पायाचा वेग ही जोडकामं तेवढ्या लवकर परत येत नाहीत. रात्री साडेनऊला ४४ असते, तर मला कळलं असतं की चढली आहे. पहाटे सव्वासहाच्या ४४ ला मी जागरण म्हणालो.

आणि या आकड्याला काय बिघडतं? चालण्यात काही नाही, बोलण्यात काही नाही. झळ बसते ती एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळण्यात. समोरच्या दिव्याच्या झोताने दिपलेले डोळे सावरणं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा अंदाज घेणं आणि पाणंदीच्या तोंडाकडेही नजर ठेवणं, असल्या कामांत. माझी गाडी पन्नासच्या वेगात होती, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. पाव सेकंद उशीर झाला तर साडेतीन मीटर. आरसा आणि किटली यांच्यात वीतभर अंतर हवं होतं. तो पाव सेकंद दारूने घेतला, जागरणाने घेतला, ट्रकच्या दिव्याने घेतला की तो मुळात कुणालाच मिळाला नसता, हे कुणीही सांगू शकणार नाही. मी तर नाहीच.

ही मर्यादा आकड्यात का बांधली, हे मला इतकी वर्षं परीक्षेतल्या उत्तराइतकंच कळलं होतं. पूर्वी पोलीस वास घ्यायचे, डॉक्टर रेघेवर चालायला लावायचे, बाहुल्या बघायचे. मुरलेला पिणारा रेघेवरून सरळ जायचा आणि सुटायचा. भित्रा, कधीतरी पिणारा अडखळायचा. १९३६ मध्ये नॉर्वेने ही पद्धत बाजूला सारली आणि रक्तातल्या प्रमाणावरच गुन्हा बांधला, १०० मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम. ब्रिटनने १९६७ मध्ये ८० ठरवले. स्वीडन १९९० मध्ये २० वर आला. आपल्या १९८८ च्या कायद्यात आधी "कितीही थोडं" असलं तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीत ३० हा आकडा आला. २०१९ पासून पहिल्या खेपेला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आकडे देशोदेशी वेगळे, यावरून ते मनाला येईल तसे ठरवलेत, असं मी एकदा मित्रांत तावातावाने मांडलं होतं. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या पाहणीचा दाखलाही दिला होता. ब्रेथलायझर बनवणारे रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी १९६२-६३ मध्ये तिथल्या अपघातातल्या जवळपास सहा हजार चालकांची आणि तुलनेसाठी अपघात न झालेल्या साडेसात हजारांहून अधिक चालकांची तपासणी केली. ८० च्या पुढे अपघाताचा धोका झपाट्याने चढतो, हे त्यातून दिसलं. पण त्या आलेखात अगदी खालच्या आकड्यांना एक खळगा आहे. थोडी प्यायलेले न प्यायलेल्यांपेक्षाही सुरक्षित! त्या बैठकीत हा खळगा मी मोठ्या आवाजात सांगितला होता. त्याचा उलगडा सांगितला नव्हता. थोडी पिऊन गाडी चालवणाऱ्या त्या गटात सरावलेले, मधल्या वयाचे चालक जास्त होते. न प्यायलेल्यांत अगदी तरुण आणि अगदी म्हातारे जास्त. सारख्याला सारखं लावून पाहिलं की खळगा बुजतो. उलगडा मला त्या दिवशीही माहीत होता.

माझ्यासारख्यासाठीच तो आकडा आहे. मुरलेल्या दारुड्याला दुसराही कुणी ओळखेल. मी अंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मुलीच्या गॅदरिंगला निघालेला मास्तर. माझ्या तपासणीत मी पास झालो होतो, आणि तपासणारा भाग नेमका तोच होता जो त्या वेळी कामावर पुरता परतलेला नव्हता.

दूधवाल्याचं मात्र कशातच बसत नाही. त्याच्या मोटरसायकलला दिवा नव्हता हे खरं. त्याने बाहेर येताना वळून बघितलं नसेल, हेही असू शकतं. पण "माझंच चुकलं" असं तो उठताउठता म्हणाला, कारण समोर गाडी होती आणि गाडीतून साहेब उतरत होता. मी ते त्याच्याकडून घेतलं. दोन हजारांत माझा वास घेण्याचा त्याचा हक्कही विकत घेतला, तेव्हा तसं वाटलं नसलं तरी. मी उतरताना दोन पावलं अंतर ठेवून उभा राहिलो होतो, हे मला आता आठवतं. इतकी वर्षं आठवत नव्हतं. त्या रस्त्याने मी नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुपारी. पाणंदीच्या तोंडाशी हळू करून बघितलं. ऊस उभा होता, माणूस कुणी नव्हतं. दुपारी दूधवाले नसतात, हे मला माहीत होतं.

हा सगळा हिशेब, खोडलेले आकडेसुद्धा, मी एका फुलस्केपवर लिहून काढला आणि रात्री जेवण झाल्यावर बायकोला दाखवला. तिने चष्मा शोधला, लावला, कागद शेवटपर्यंत वाचला. ४४ वर तिने बोट ठेवलं नाही, वीसवरही नाही. म्हणाली, "मला वास आला होता. गाडीत बसल्या बसल्याच. काच खाली केली होती ना मी, थंडीची."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? मागे पोरगी होती."

तिने कागदाची घडी घातली.

"तुम्ही तीनच म्हणालात ना."